चित्रप्रकल्पाची पूर्वनिश्चिती : फ्रेम रेट, आस्पेक्ट रेशो आणि रेझोल्यूशन

चित्रपट, माहितीपट किंवा मालिकेचे चित्रीकरण सुरू होण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात : दर सेकंदाला किती फ्रेम टिपायच्या, चौकटीच्या रुंदी-उंचीचे गुणोत्तर काय ठेवायचे आणि त्या चौकटीत पिक्सेल किती असावेत. कॅमेऱ्याच्या मेनूत हे पर्याय शेजारी शेजारी असतात, त्यामुळे तिन्ही सारख्याच वजनाचे वाटतात. तसे ते नाहीत. मोठे रेझोल्यूशन नंतर बिनदिक्कत लहान करता येते. चौकटही काही प्रमाणात कापता येते. फ्रेम रेटचे मात्र तसे नाही. तो हालचालीचे नमुने किती अंतराने घेतले हे ठरवतो, आणि दोन फ्रेमच्या मधला जो क्षण कॅमेऱ्याने टिपलाच नाही तो पुढे फक्त अंदाजाने तयार करता येतो. म्हणून निवडीचा क्रम फ्रेम रेट, आस्पेक्ट रेशो आणि मग रेझोल्यूशन असा असावा. तिन्हींची सुरुवात कॅमेरा काय काय करू शकतो यापासून करू नये; तयार चित्र शेवटी कोणाच्या हाती द्यायचे आहे, तिथून मागे यावे.

फ्रेम रेट. आज वापरात असलेले आकडे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारणांनी रूढ झाले. बोलपट आल्यावर १९२० च्या दशकाच्या अखेरीस चित्रपटगृहांसाठी २४ फ्रेमचा वेग स्थिर झाला. दूरचित्रवाणीचा वेग विजेच्या वारंवारतेला धरून ठरला. त्यामुळे ५० हर्ट्झ वीज असलेल्या बहुतेक देशांत २५ आणि ६० हर्ट्झच्या देशांत ३० फ्रेम आल्या. अमेरिकेत १९५३ मध्ये रंगीत प्रक्षेपणाचे मानक ठरवताना रंगाचा आणि ध्वनीचा संकेत एकमेकांत मिसळू नयेत म्हणून ३० चा वेग एक हजारांशाने कमी केला गेला. तो २९.९७ झाला, आणि त्याच हिशेबाने २४ चे धाकटे भावंड २३.९७६ जन्माला आले.

हे धाकटे भावंडच सर्वांत जास्त घोटाळे करते. बरेच कॅमेरे मेनूत नुसते ‘24p’ दाखवतात आणि प्रत्यक्षात २३.९७६ ने टिपतात. चित्र पाहून दोन्हींतला फरक कोणालाच कळणार नाही. वेगळा टिपलेला आवाज त्याला जोडला आणि दोहोंपैकी एकाचा वेग चुकीचा धरला गेला, तर दहा मिनिटांनी ओठ आणि शब्द यांत ०.६ सेकंदाचे, म्हणजे साधारण १४ फ्रेमचे अंतर पडते. सुरुवातीला जुळलेला आवाज हळूहळू सरकत गेला तर हाच संशय घ्यावा. पहिल्या मिनिटापासून अंतर सारखेच राहत असेल तर दोष वेगाचा नसून जोडणीचा असतो. फोनने टिपलेल्या चित्रात आणखी एक अडचण असते. फोन अनेकदा प्रकाशानुसार वेग कमी-जास्त करत राहतो, म्हणून अशी फाइल संकलनात घेण्यापूर्वी तिचे स्थिर वेगात रूपांतर करून घ्यावे.

वेगवेगळे वेग संकलनात तुकडे ओळीने मांडायच्या पट्टीवर, म्हणजे एकाच टाइमलाइनवर मिसळले की काय होते, हे कॅमेरा आडवा फिरवलेल्या दृश्यात स्वच्छ दिसते. ३० फ्रेमचा तुकडा २५ च्या टाइमलाइनवर टाकला की दर सहा फ्रेममधली एक गळते, आणि संथ फिरणारे दृश्य सेकंदाला पाच वेळा बारीक उडी मारते. २४ चा तुकडा २५ वर टाकला तर दर सेकंदाला एक फ्रेम दोनदा दिसते; दृश्य सेकंदाच्या ठोक्याला अडखळते. स्थिर चौकटीत बोलणाऱ्या माणसावर हा दोष जवळजवळ लपतो. त्यामुळे तपासणी नेहमी चालत्या कॅमेऱ्यावर करावी, मुलाखतीवर नाही.

मंदगती हवी असेल तर वेग टाइमलाइनच्या पटीत निवडला की काम सोपे होते : २५ साठी ५० किंवा १००. मात्र संपूर्ण प्रकल्प ‘नंतर उपयोगी पडेल’ म्हणून ५० ने टिपणे शहाणपणाचे नाही. ५० ने टिपताना, प्रत्येक फ्रेमवर किती वेळ प्रकाश पडतो हे ठरवणारे शटर बहुधा १/१०० सेकंदावर असते. पुढे एक आड एक फ्रेम गाळून २५ केले तरी प्रत्येक फ्रेममधली हालचालीची अस्पष्टता निम्मीच राहते आणि हालचाल तुटक वाटते.

फ्रेम रेट आणि दिवे हा वेगळा प्रश्न आहे, तो बऱ्याचदा उगाच एकत्र केला जातो. ५० हर्ट्झ विजेवरचे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. प्रत्येक फ्रेमवर सारखाच प्रकाश पडावा यासाठी शटर १/५० किंवा १/१०० हवे. फ्रेम रेट २४ असला तरी चालतो. कोनात सांगायचे तर २४ फ्रेमला १७२.८ अंशांचे शटर म्हणजेच १/५०. केवळ दिव्यांच्या भीतीने कोणी २५ निवडत असेल तर ते कारण पुरेसे नाही.

एक उदाहरण. समजा, ९० मिनिटांचा माहितीपट आहे. तो चित्रपट महोत्सवात डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहातल्या डिजिटल प्रक्षेपणासाठीच्या फाइलसंचाच्या स्वरूपात जाणार आहे, नंतर ५० हर्ट्झच्या देशातल्या वाहिनीवर दाखवला जाणार आहे आणि शेवटी इंटरनेटवर येणार आहे. इंटरनेटला कोणताही स्थिर वेग चालतो, तेव्हा त्याचा विचार बाजूला ठेवावा. खरा पेच २४ की २५ हा आहे.

२४ ने टिपले तर डीसीपी जशीच्या तशी निघते. वाहिनीसाठी चित्र २५ ने पळवावे लागते आणि ९० मिनिटांचा माहितीपट ८६ मिनिटे २४ सेकंदांत संपतो. २५ ने टिपले तर वाहिनीचे काम सरळ होते, पण २४ च्या डीसीपीसाठी चित्र ४ टक्के मंद करावे लागते आणि लांबी ९३ मिनिटे ४५ सेकंद होते. एकही फ्रेम गळत नाही किंवा दुप्पट होत नाही, म्हणून दोन्ही मार्ग चित्रासाठी निर्धोक आहेत. त्रास होतो तो आवाजाला. मंद केल्यावर स्वर खाली जातो, कीबोर्डवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराच्या सुमारे ७० टक्के. स्वर पूर्ववत करणारी प्रक्रिया उपलब्ध आहे, पण लांबलेल्या संगीतात ती कधी कधी ऐकू येते. ध्वनिमिश्रकाला हे आधी माहीत असले तर तो त्या आवृत्तीसाठी वेगळे मिश्रण काढू शकतो. सबटायटलची फाइलही ताणावी लागते. न ताणलेली फाइल शेवटच्या वाक्याला पावणेचार मिनिटे आधीच गाठते.

डीसीपीच्या नव्या, एसएमपीटीई प्रकारात २५ फ्रेम बसतात. जुन्या इंटरऑप प्रकारात २४ आणि ४८ च. त्यामुळे इथे वाहिनीशी करार झालेला असेल आणि महोत्सव २५ ची एसएमपीटीई डीसीपी घेत असेल, तर २५ निवडून मोकळे व्हावे. करार नसेल आणि महोत्सव हेच ध्येय असेल तर २४. ठरलेला वेग अचूक २४ आहे की २३.९७६, हे कॅमेऱ्यावर, ध्वनिमुद्रकावर आणि संकलनाच्या प्रोजेक्टमध्ये सारखे लिहिलेले हवे. डाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मीडिया पूलमध्ये चित्रफिती आल्यानंतर प्रोजेक्टचा टाइमलाइन वेग बदलता येत नाही. घाईत डीफॉल्टवर सुरू केलेला प्रोजेक्ट म्हणूनच पुढे महागात पडतो.

आस्पेक्ट रेशो. वाहिनी आणि इंटरनेट यांची सर्वसाधारण चौकट १६:९, म्हणजे १.७८ ची. चित्रपटगृहात फ्लॅट १.८५ आणि स्कोप २.३९ अशा दोन रूढ चौकटी आहेत. आपल्या माहितीपटाला १६:९ पुरेशी आहे : २के फ्लॅट डीसीपी १९९८×१०८० ची असते, तिच्यात १९२०×१०८० चे चित्र ठेवले की दोन्ही बाजूंना ३९ पिक्सेलची काळी पट्टी उरते. अंधाऱ्या सभागृहात ती क्वचितच कोणाच्या लक्षात येते. ती घालवण्यासाठी चित्र मोठे करून वरून-खालून कापण्याचा उद्योग बहुधा करू नये. त्यात खालच्या ओळीतली नावे कडेला जाऊन भिडतात.

स्कोप हवी असेल तर ती चित्रीकरणातच ठरायला हवी. ३८४०×२१६० च्या यूएचडी चौकटीतून स्कोप काढली तर ३८४०×१६०८ उरते. (उंची सम संख्येत ठेवलेली बरी, कारण नेहमीच्या कोडेकमध्ये विषम संख्या अडते.) म्हणजे वर-खाली मिळून ५५२ ओळी वाया जातात. चित्रीकरणाच्या वेळी मॉनिटरवर स्कोपच्या रेषा नसतील तर छायालेखक पूर्ण उंची धरून रचना करतो आणि नंतर कापताना कपाळे आणि हात जातात. रेषा असतील तर दुसरा प्रश्न येतो : रेषेबाहेरच्या पट्टीत माइकचा बूम येऊ द्यायचा का? पुढे उभ्या पडद्यासाठी ९:१६ चे तुकडे काढायचे असतील तर ती पट्टी स्वच्छ ठेवावी लागते, बूम वर राहतो आणि आवाज थोडा दूरचा येतो. यावर एकच बरोबर उत्तर नाही, पण पहिल्या दिवशी ध्वनिमुद्रक आणि छायालेखक यांना ते एकत्र बसून ठरवावे लागते. ठरलेल्या चौकटीचा तक्ता कॅमेऱ्यासमोर धरून काही सेकंद टिपून ठेवला की संकलकाला अंदाज बांधावा लागत नाही.

रेझोल्यूशन. याबाबतीत फार डोके लावायची गरज नसते. डिलिव्हरी २के किंवा एचडी असेल तर यूएचडीमध्ये टिपावे आणि टाइमलाइन डिलिव्हरीच्या मापाची ठेवावी. वाढीव पिक्सेल खरे उपयोगी पडतात ते चौकट कापताना. एचडी चित्रातून उभा तुकडा काढला तर रुंदी ६०८ पिक्सेलच्या आसपास उरते. ती १०८० पर्यंत ताणली की केस, कापडाची वीण आणि दूरची पाटी मऊ पडतात. यूएचडीतून तोच तुकडा १२१५ पिक्सेल रुंद निघतो आणि ताणावा लागत नाही. सिनेमाचे ४के ४०९६ पिक्सेल रुंद असते आणि यूएचडी ३८४० च. बोलीभाषेत दोन्हींना ‘फोरके’ म्हणतात, म्हणून मागणीपत्रात नावाऐवजी पिक्सेलचे आकडे मागून घ्यावेत.

चाचणी. चित्रीकरणाच्या आदल्या आठवड्यात दोन मिनिटांचा नमुना पूर्ण वाटेने नेऊन पाहावा. त्यात एक संथ आडवे फिरणारे दृश्य, टाळी देऊन सुरू केलेले संभाषण, कडेजवळचा मजकूर आणि प्रत्यक्ष वापरायच्या दिव्यांखालचे एक दृश्य हवे. आवाज जोडावा, सबटायटल घालावेत आणि ठरलेली प्रत्येक आवृत्ती काढावी. वेगाचा घोळ पकडायला दोन मिनिटे अपुरी पडतात, म्हणून संभाषणाचा एक टेक दहा मिनिटे अखंड चालू ठेवून शेवटीही टाळी द्यावी. दोन्ही टाळ्या चित्राशी जुळल्या, तर कॅमेरा आणि ध्वनिमुद्रक एकाच वेगाने चालत आहेत.