कोऱ्या चौकटीतली वंशावळ

भाचीने सरावसंचातल्या एका पानाचा फोटो पाठवला. "मामा, झेरॉक्समध्ये वंशावळ आलीच नाहीये, नुसती कोरी चौकट आहे. सोडवायचं कसं?"

चौकटीखालचा मजकूर असा: I-1 चा रक्तगट एबी, I-2 चा ओ. II-2 ही बी गटाची स्त्री, तिचा नवरा II-3 ए गटाचा. त्यांचा पहिला मुलगा III-1 ओ गटाचा. दुसरं मूल एबी गटाचं असण्याची शक्यता किती?

रोमन अंक पिढीचा, पुढचा आकडा त्या ओळीत डावीकडून कितवा त्याचा. पुरुष चौकोन, स्त्री गोल. तेव्हा बरंचसं चित्र मजकुरावरूनच काढता येतं. कळत नाही ते एवढंच, की II-2 ही वरच्या जोडप्याची लेक की सून.

आधी ओ गटाचा माणूस शोधायचा. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. ए आणि बी दोन्ही प्रकट होतात. ओ मात्र दोन्ही प्रती ओ असल्या तरच दिसतो. त्यामुळे ए गटाचा माणूस ए-ए आहे की ए-ओ हे वरून ओळखू येत नाही, पण ओ गटाच्या माणसाचं सगळं उघड असतं. इथे III-1 हा ओ-ओ. म्हणजे आईकडे आणि बापाकडे एकेक ओ हवाच: आई बी-ओ, बाप ए-ओ. त्यांच्या मुलांना ए-बी, ए-ओ, बी-ओ, ओ-ओ या चार जोड्या सारख्याच शक्यतेने मिळतात. उत्तर एक चतुर्थांश. आजी-आजोबांना हातही लावावा लागला नाही, त्यामुळे लेक की सून हा प्रश्नही उरला नाही.

भाचीचं उत्तर एक तृतीयांश आलं होतं. "ओवाला तर होऊन गेला ना, मग उरले तीन." ही चूक दरवर्षी वर्गात निम्मी मुलं करतात. दुसऱ्या मुलाच्या वेळी चारही जोड्या पुन्हा शिल्लक असतात.

त्याच पानावरचा पुढचा प्रश्न मला जास्त आवडला. आजी-आजोबा तेच, एबी आणि ओ. II-2 बी गटाची, पण आता नवरा ओ गटाचा. मूल ओ होण्याची शक्यता विचारली होती. नवरा-बायकोपैकी कोणीतरी एक वरच्या जोडप्याचं अपत्य आहे एवढं धरून चाललो, तर पुसलेली रेघ इथे रक्तगटच काढून देतात. एबी गटाचा पालक मुलाला ए देईल नाहीतर बी. ओ त्याच्याकडे नाहीच. म्हणजे ओ गटाचा नवरा त्यांचा मुलगा असू शकत नाही. II-2 ही लेक, नवरा जावई. लेकीला बी एका पालकाकडून, ओ दुसऱ्याकडून, ती बी-ओ. नवरा ओ-ओ. मूल ओ होण्याची शक्यता निम्मी.

"नाहीच" हा शब्द मात्र परीक्षेपुरता. तिसऱ्या प्रश्नात आई ओ, बाप ए आणि मुलगी एबी होती. भाचीने शेजारी लिहिलं होतं, "छपाईची चूक?"

चूक नसेलही. १९५२ साली डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत सापडलेल्या अशा रक्ताचं वर्णन प्रसिद्ध केलं; आज त्याला बॉम्बे रक्तगट म्हणतात. ए आणि बी या तांबड्या पेशीवरच्या साखरेच्या खुणा, आणि त्या एच नावाच्या पदार्थावर बसतात. एच बनवणारं जनुक वेगळं, एकोणिसाव्या गुणसूत्रावर, ए-बी-ओचं नवव्यावर. एचच्या दोन्ही प्रती निकामी असल्या तर खुंटीच नाही, मग सदरा टांगायचा कुठे? या आईकडे बी प्रत असणार, पण ती दिसली नाही. तिने ती लेकीला दिली, बापाकडून चालू एच मिळाला, आणि लेकीत बी उघडा पडला.

अशी आई जन्मायला तिच्या आई-बाप दोघांकडेही एकेक निकामी एच प्रत हवी. ती दुर्मीळ असते. पण मामाच्या मुलीशी लग्न झालेलं असेल, तर एकाच आजी-आजोबांकडून दोघांनाही ती मिळालेली असू शकते. वंशावळीत नात्यातलं लग्न दुहेरी रेघेने दाखवतात. मजकुरात ते शब्दांत लिहिलेलं नसेल, तर चित्राबरोबर हा धागाही जातो आणि प्रश्न चुकीचा वाटायला लागतो.

प्रत्यक्षात हा गट ओळखायला कागद पुरत नाही. नेहमीच्या अँटी-ए, अँटी-बी थेंबांनी आईच्या पेशींच्या गुठळ्या होत नाहीत, म्हणून रिपोर्टवर ओ येतं. मग तिचा सीरम ओ गटाच्या पेशींत मिसळतात. खऱ्या ओ माणसाचा सीरम तिथे शांत राहतो. बॉम्बे गटाच्या सीरममध्ये एचविरुद्ध प्रतिपिंडं असतात, त्यामुळे ओ पेशींच्याही गुठळ्या होतात. तिला ओ गटाची बाटली चढवणं जीवघेणं ठरू शकतं. बॉम्बे गटाचंच रक्त शोधावं लागतं.

भाचीने "छपाईची चूक?" खोडलं आणि आईच्या गोलावर, तिच्या आई-बापांमध्ये, पेन्सिलने दोन रेघा ओढल्या. शेजारी प्रश्नचिन्ह मात्र ठेवलं.