छिन्नमनस्कता
छिन्नमनस्कता किंवा स्किझोफ्रेनिया हा वास्तवाची जाण बिघडवणारा गंभीर मानसिक आजार आहे. तो बहुधा विशीत किंवा तिशीच्या सुरुवातीला जडतो. पुरुषांत तो स्त्रियांपेक्षा काहीसा लवकर दिसू लागतो.

एकाच देहात दोन माणसे आलटूनपालटून वावरतात, असा या आजाराविषयी समज आहे. तो चुकीचा आहे. स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये हे नाव सुचवले, तेव्हा त्यांच्या मनात विचार आणि भावना यांची आपसातली सांधेजोड निखळण्याची कल्पना होती. वेगवेगळ्या ओळखी आणि त्यांच्यामधली स्मृतीची पोकळी हे लक्षण वियोगी ओळख विकाराचे. तो आजारच निराळा. छिन्नमनस्कतेत माणूस एकच राहतो, त्याला दिसणाऱ्या जगाचा अर्थ मात्र बदलतो.

हा बदल कसा होतो, ते एका नमुना उदाहरणातून पाहू. कॉलेजातल्या एका मुलाला काही आठवडे सगळेच सूचक वाटू लागते : शेजाऱ्याचे खोकणे, बातम्या देणाऱ्याचा हातवारा. पुढे रिकाम्या खोलीत दोन आवाज ऐकू येतात. ‘बघ, आता उठला,’ असे ते त्याच्याबद्दल आपसात बोलतात. हा भास, आवाज त्याला खरोखरच ऐकू येतो. शेजाऱ्यांनी भिंतीत यंत्र बसवले आहे, असा निष्कर्ष तो काढतो. हा भ्रम. भिंत फोडून दाखवली तरी ‘यंत्र आधीच काढून नेले’ असे उत्तर येते, म्हणून घरच्यांनी घातलेले वाद निष्फळ ठरतात.

डोपामिन हे रसायन मेंदूत ‘इकडे लक्ष दे, हे महत्त्वाचे आहे’ अशी खूण करते. रुग्णांच्या मेंदूतील स्ट्रायेटम या भागात ते सरासरीने जास्त तयार होते, असे पेट स्कॅनमध्ये आढळले आहे. त्यामुळे क्षुल्लक गोष्टींवरही ती खूण उमटते आणि मन तिचा खुलासा शोधू लागते, अशी एक मांडणी आहे. या आजाराचा डोपामिनशी संबंध जोडणारा मूळ सिद्धांत मात्र औषधांमुळे पुढे आला. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध अशा रुग्णांवर गुणकारी ठरले. १९६३ मध्ये स्वीडिश औषधशास्त्रज्ञ आर्विड कार्लसन यांनी उंदरांवरील प्रयोगांतून अशी औषधे डोपामिनचे ग्राही, म्हणजे त्याची खूण टिपणारे पेशींवरील रेणू, अडवत असावीत, असे अनुमान काढले. उलट बाजूने, डोपामिन वाढवणाऱ्या अँफेटामिनच्या अतिसेवनाने निरोगी माणसालाही भास-भ्रम होऊ शकतात.

बहुतेक औषधांचा गुण डी-२ या प्रकारच्या डोपामिन ग्राहींपैकी सुमारे ६५ टक्के अडले की दिसू लागतो. ८० टक्क्यांपलीकडे हातापायांत ताठरपणा आणि कंप येण्याचा धोका वाढतो. मात्र क्लोझापिन याहून कमी ग्राही अडवूनही इतर औषधांना दाद न देणाऱ्या अनेक रुग्णांना उपयोगी पडते. शिवाय निरुत्साह, अबोलपणा, भावनांचा कोरडेपणा ही लक्षणे डोपामिन अडवून फारशी हटत नाहीत. आवाज थांबल्यावरही मुलगा अंथरुणातून उठत नाही, त्याला घरचे आळस म्हणतात; तोही आजाराचाच भाग असू शकतो. ग्लुटामेट या दुसऱ्या रसायनाकडे संशोधक वळले, त्यामागे हेही एक कारण होते.