कर देणारे मांडलिक आणि शिपाई देणारे मांडलिक

रोम आणि कार्थेज यांच्यातल्या प्युनिक युद्धांचा विषय निघाला की कोणीतरी ठरलेलं वाक्य फेकतंच: ‘रोमकडे नागरिकांची फौज होती, कार्थेजकडे भाडोत्री, म्हणून कार्थेज हरलं.’ मला या वाक्याचा आता कंटाळा आलाय. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याची फौज आफ्रिकन, स्पॅनिश, गॉल अशी सरमिसळ होती. ती परक्या मुलखात पंधरा वर्षं त्याच्यासोबत राहिली आणि तिने एकदाही बंड केलं नाही. उलट, ज्याला आपण ‘नागरिकांची फौज’ म्हणतो त्या रोमन सैन्यातले निम्मे किंवा त्याहून जास्त शिपाई रोमचे नागरिकच नव्हते. मग फरक कुठे होता?

हॅनिबल, हत्ती, आल्प्स हे सगळं तुम्हाला पाठ असणार, ते सोडून देतो. सनावळी तेवढी: पहिलं युद्ध इ.स.पू. २६४ ते २४१, मुख्यतः सिसिलीसाठी. दुसरं २१८ ते २०१, हॅनिबलचं. तिसरं १४९ ते १४६, ज्यात कार्थेज नष्ट झालं. स्किपिओही दोन आहेत. झामाच्या लढाईत हॅनिबलला हरवणारा आफ्रिकानुस, आणि कार्थेज जाळणारा त्याचा दत्तक नातू एमिलियानुस. एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

खरा घोळ ‘मांडलिक’ या गोष्टीत आहे. दोन्ही शहरांनी आजूबाजूची गावं, टोळ्या, नगरं जिंकली होती, म्हणून आपण त्या सगळ्यांना एकाच मापाने मोजतो. पण त्यांच्याकडून काय घ्यायचं, हे दोघांनी अगदी वेगवेगळं ठरवलं होतं. लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या टायरहून आलेल्या फिनिशियनांनी उत्तर आफ्रिकेत वसवलेल्या कार्थेजने मुख्यतः पैसा आणि धान्य घेतलं. त्यातून जहाजं बांधली आणि लढायला माणसं पगारावर आणली. लिबियन शेतकऱ्यांमधूनही भरती होत असे, पण त्यांचं मुख्य ओझं कराचं. रोमने इटलीतल्या ‘मित्रां’वर कर लावलाच नाही. तिथल्या लोकांनी लढाईला माणसं द्यायची, एवढंच. लढाऊ वयाच्या पुरुषांच्या याद्या ठेवलेल्या असत आणि त्यानुसार प्रत्येक नगराने आपली तुकडी पाठवायची. पगार त्या नगराने द्यायचा, धान्य रोमने फुकट पुरवायचं, आणि लुटीत सगळ्यांचा वाटा.

हा फरक शांततेच्या काळात दिसतही नाही. हरल्यावर मात्र लगेच दिसतो.

पहिल्या युद्धाचा शेवट बघा. तेवीस वर्षांत दोन्ही तिजोऱ्या रिकाम्या झाल्या होत्या. रोमने शेवटचं आरमार सरकारी पैशातून बांधलंच नाही. श्रीमंतांनी एकट्याने किंवा दोघातिघांनी मिळून एकेक जहाज उभं केलं; जिंकलो तर परत द्या, अशा बोलीवर. अशी सुमारे दोनशे जहाजं झाली आणि २४१ मध्ये सिसिलीच्या पश्चिमेच्या एगेट्स बेटांजवळ त्यांनी कार्थेजचं आरमार हरवलं. समुद्रावर वाढलेलं शहर समुद्रावरच हरलं, याचं अनेकांना नवल वाटतं. मला तितकंसं वाटत नाही. त्याआधी २५५ मध्ये रोमची अडीचशेहून जास्त जहाजं एकाच वादळात गेली होती. तरीही पुढचं आरमार भरायला वल्ही मारणारे हात मिळाले, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता कार्थेजकडे या. तह झाला, सिसिली गेलं, नुकसानभरपाई बसली. सिसिलीहून परतलेल्या सुमारे वीस हजार पगारी शिपायांची थकबाकी द्यायची होती. कार्थेजने घासाघीस सुरू केली: तिजोरीत खडखडाट आहे, थोडं सोडा. शिपाई उठले. इथे बहुतेक लेख ‘बघा, भाडोत्री!’ म्हणून थांबतात. पण हे बंड भाडोत्र्यांपुरतं राहिलंच नाही. युद्धाच्या काळात कार्थेजने लिबियन शेतकऱ्यांकडून अर्धं पीक उचललं होतं आणि गावांचा कर दुप्पट केला होता. कर चुकला तर तुरुंग. त्यामुळे बंडाची हाक येताच गावंच्या गावं सामील झाली आणि बायकांनी अंगावरचे दागिने काढून बंडाच्या खर्चाला दिले. ज्यांनी एवढी वर्षं युद्ध पोसलं, तेच शहराच्या वेशीवर चालून आले. तीन वर्षांहून अधिक काळ चाललेलं ते बंड कार्थेजचा सेनापती, हॅनिबलचा बाप हॅमिल्कार बार्का याने मोडलं खरं, पण तेवढ्यात रोमने सार्डिनिया गिळलं आणि वर १,२०० टॅलेंट चांदी आणखी मागून घेतली.

दुसऱ्या युद्धात हॅनिबलने हाच डाव रोमवर टाकायचं ठरवलं. इटलीत मोठा विजय मिळवायचा, म्हणजे मांडलिक आपोआप फुटतील. २१६ मध्ये कॅनीला त्याने एका दिवसात सुमारे पन्नास हजार माणसं मारली. दक्षिणेतली बरीच गावं फुटली, इटलीतलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर कापुआही आलं. पण कापुआने घातलेली अट वाचली की हॅनिबलची अडचण कळते: आमच्या कोणाही नागरिकावर कार्थेजच्या सेनापतीचा हुकूम चालणार नाही, आणि आमच्या माणसाला मनाविरुद्ध लढायला नेता येणार नाही. अट मान्य करणं भाग होतं, कारण तो ‘मुक्त करायला’ आला होता! म्हणजे कापुआ रोमकडे असताना माणसं देत होतं, आणि हॅनिबलकडे आल्यावर त्यालाच सांभाळायला माणसं लागू लागली. दक्षिण टोकाच्या ब्रुटियन लोकांनी त्याला शिपाई दिले, पण तेवढ्याने भागण्यासारखं नव्हतं. रोमने कापुआला वेढा घातला. वेढा उठावा म्हणून हॅनिबल थेट रोमच्या वेशीपर्यंत गेला. वेढा उठला नाही आणि २११ मध्ये कापुआ पडलं.

रोमचीही दमछाक झाली होती, हे कबूल करायला हवं. २०९ मध्ये रोमनेच इटलीत वसवलेल्या तीस लॅटिन वसाहतींपैकी बारांनी सांगितलं की आता ना माणसं उरलीत, ना पैसा. उरलेल्या अठरा मात्र देत राहिल्या. नकार देणाऱ्या बारांपैकी एकही हॅनिबलला मिळाली नाही. तिकडे आफ्रिकेत स्किपिओ उतरला आणि कार्थेजच्या शेजारच्या नुमिडियाचा मासिनिसा आपलं घोडदळ घेऊन रोमच्या बाजूने उभा राहिला. २०२ मध्ये झामाला त्याच घोडदळाने हॅनिबलची पिछाडी फोडली.

तिसऱ्या युद्धाला मी हरण्या-जिंकण्याच्या चर्चेत धरतच नाही. २०१ च्या तहाने कार्थेजला दहा जहाजं ठेवायची मुभा होती आणि रोमच्या परवानगीशिवाय लढायला बंदी. मासिनिसा कार्थेजची जमीन बळकावत राहिला. अखेर कार्थेजने प्रतिकार केला आणि रोमला निमित्त मिळालं. आधी तीनशे ओलीस मागितले, ते दिले. मग शस्त्रं मागितली, तीही दिली. मग हुकूम आला की शहर सोडा आणि समुद्रापासून ऐंशी स्टेडिया, म्हणजे जवळपास पंधरा किलोमीटर, आत जाऊन राहा. बंदरावर जगणाऱ्यांना हे मान्य होणं शक्यच नव्हतं. निःशस्त्र शहर तरीही तीन वर्षं झुंजलं. (जमिनीत मीठ पेरल्याची गोष्ट कृपया पुन्हा सांगू नका. एकाही प्राचीन लेखकाने ती लिहिलेली नाही.)

युद्ध सुरू होण्याआधीच शेजारचं युटिका रोमला शरण गेलं होतं. तेही फिनिशियनांचंच, परंपरेनुसार कार्थेजहून जुनं, आणि शतकभर आधीच्या त्या बंडातही फुटलेलं. रोमला आफ्रिकेत उतरायला बंदर मिळालं ते तिथे. १४६ नंतर कार्थेजच्या जमिनीतला वाटा युटिकाला मिळाला आणि नव्या रोमन प्रांताचा कारभारही तिथूनच चालू लागला.