डायरीतली देवगिरी आणि व्लॉगमधली देवगिरी: एकच प्रवास, दोन वेगळे मजकूर

प्रवासाची डायरी व्यवस्थित लिहिलेली असली की ती समोर धरून वाचली म्हणजे व्लॉगचं निवेदन झालं, असं पुष्कळांना वाटतं. दोन्हींत तोच प्रवास, तोच माणूस, तीच ठिकाणं असतात, म्हणून ही गल्लत होते. पण डायरीची वाक्यं कुणी चित्र दाखवत नाही असं धरून लिहिलेली असतात. जे दिसलं ते सगळं शब्दांनीच उभं करायचं असतं. निवेदनाची वाक्यं चित्र शेजारी चालू असताना ऐकली जातात, आणि पडद्यावर जे दिसतंय त्याच्याशी ती जुळली नाहीत तर ऐकणारा गोंधळतो. म्हणून डायरीचं निवेदन करताना मजकूर नुसता लहान करून भागत नाही. प्रत्येक वाक्यासाठी एक चित्र शोधावं लागतं, आणि ज्याला चित्र नाही त्याचं काय करायचं ते ठरवावं लागतं.

नमुन्यासाठी दौलताबादच्या किल्ल्याची, म्हणजे देवगिरीची, एका दिवसाची नोंद घेऊ. संभाजीनगरहून पंधराएक किलोमीटरवर असलेला हा किल्ला सोयीचा यासाठी की तिथे जे फार आठवतं आणि जे कॅमेऱ्यात येतं, त्यांत मोठी तफावत असते. नोंद अशी आहे:

«सकाळी एसटीने निघालो. खिडकीतून गार वारा लागत होता. किल्ल्यात शिरल्यावर आधी चांदमिनार दिसला आणि पाय थांबलेच. मग भारतमाता मंदिराच्या खांबांमधून चाललो. एवढे खांब की आपण फार लहान आहोत असं वाटलं. पुढे चिनी महाल आणि मेंढा तोफ पाहिली. मग अंधारी. शिरताना जीव दडपला. हात भिंतीवर ठेवून चाचपडत गेलो, वटवाघळांचा वास आणि चिरचिराट सहन होत नव्हता. वर बारादरीत आल्यावर वारा अंगावर आला आणि सगळा शीण गेला. पूर्ण परिसर दिसत होता.»

अंधारी म्हणजे किल्ल्यातला काळोखा बोगदा, आणि बारादरी म्हणजे तो पार करून वर गेल्यावर लागणारी इमारत. वाचायला नोंद चांगली आहे. व्लॉगसाठी मात्र ती लगेच हातात घेऊ नये. आधी फुटेज पाहावं, ते डायरी बंद ठेवून. डायरी वाचून फुटेज पाहिलं की क्लिपमध्ये नसलेल्या गोष्टीही दिसल्यासारख्या वाटतात. हा मोह फार खोटा असतो. वहीत प्रत्येक क्लिपची एक ओळ लिहावी: क्रमांक, कामात येणारे सेकंद, नेमकं काय दिसतं, कोणत्या सेकंदाला दिसतं, आवाज कसा आहे. या दिवसाची वही अशी झाली, असं धरू:

1. चांदमिनार, खालून वर जाणारा कॅमेरा, 9 सेकंद, स्थिर.
2. भारतमाता मंदिराचे खांब, चालत घेतलेलं, 14 सेकंद. शेवटचे 4 फार हललेले, म्हणजे कामाचे 10.
3. मेंढा तोफ, 7 सेकंद. पहिले 3 सेकंद तोफेचं तोंड, मग मागची बाजू.
4. अंधारी, 22 सेकंद. जवळजवळ काळा पडदा, मध्ये 3 सेकंद बॅटरीच्या उजेडात पायरी. आवाज उत्तम.
5. बारादरीवरून आडवा फिरणारा शॉट, 18 सेकंद. चांदमिनार चौकटीत अकराव्या सेकंदाला येतो. वाऱ्याचा खरखराट.
6. चिनी महालाचा एक फोटो. व्हिडिओ नाही.

एसटीचं काहीच नाही, हेही लिहावं. रिकामी जागा वहीत नोंदवली नाही तर संपादनाच्या वेळी ती भरायला कुठला तरी जुना व्हिडिओ उचलला जातो.

मग डायरी उघडावी आणि प्रत्येक वाक्यापुढे तीनपैकी एक खूण करावी: दिसतं, ऐकू येतं, की फक्त मनात आहे. चांदमिनार दिसतो. वटवाघळांचा चिरचिराट ऐकू येतो. «जीव दडपला», «शीण गेला» आणि वास हे फक्त मनात. पहिल्या दोन खुणांची वाक्यं चित्राशी बांधता येतात. तिसऱ्या खुणेची निवडून थोडीच ठेवायची, आणि ठेवायची ती अशा जागी, जिथे चित्रात फारसं काही घडत नाही.

आता वेळेचा हिशेब. शांतपणे बोललेल्या मराठीत सेकंदाला साधारण दोन शब्द बसतात. शॉट सुरू झाल्यावर सुमारे अर्धा-एक सेकंद आणि शेवटी तेवढाच वेळ मोकळा ठेवला, तर 9 सेकंदांच्या चांदमिनाराला 14 शब्दांच्या आसपास मिळतात. डायरीतलं «पाय थांबलेच» इथे उपयोगाचं नाही, कारण कॅमेरा चालत नाही, तो मिनारावर वर सरकतोय. निवेदन असं होईल: «हा चांदमिनार. पंधराव्या शतकात, बहमनी काळात उभा राहिला. गडात शिरताच नजर यावरच अडकते.» हे 13 शब्द. पहिलाच शब्द «हा» आहे, आणि तोच डायरीपासून निवेदनाला वेगळं करतो. डायरीत «तिथे», «मग», «पुढे» हे चालतं. निवेदनात «हा», «इथे», «समोर» म्हटलं की पाहणारा लगेच पडद्यावर ती वस्तू शोधतो. ती नसेल तर तो पुढची दोन वाक्यं ऐकत नाही.

खांबांच्या क्लिपमध्ये नेमकी उलटी चूक होते. «इथे खूप दगडी खांब आहेत» असं बोललं जातं, आणि खांब तर पाहणाऱ्याला आधीच दिसलेले असतात. चित्र जे सांगतं ते शब्दांनी पुन्हा सांगायचं नाही. चित्र जे सांगू शकत नाही ते सांगायचं: «हे खांब मुळात जुन्या मंदिरांचे. यांच्यामधून चालताना आवाज आपोआप खाली येतो.» 11 शब्द, दहा सेकंदांत आरामात. आणि «आपण लहान आहोत» ही डायरीतली भावना उंच खांबांच्या चित्रातूनच पोचते, तिला वाक्य नको.

मेंढा तोफेची क्लिप सर्वांत फसवी. तोफेचा मागचा भाग मेंढ्याच्या डोक्यासारखा घडवलेला आहे, नाव त्यावरून पडलं. पण कॅमेरा आधी तोंडाकडे आहे. निवेदन क्लिपच्या सुरुवातीला सुरू केलं तर «हे मेंढ्याचं डोकं» हे शब्द तोफेच्या तोंडावर पडतात, आणि पाहणाऱ्याला त्या भोकात मेंढा शोधावा लागतो. म्हणून पहिले 3 सेकंद गप्प राहायचं, मागची बाजू दिसल्यावर अर्ध्या सेकंदाने बोलायचं: «हे मेंढ्याचं डोकं. म्हणून मेंढा तोफ.» 6 शब्द, 3 सेकंद. वस्तू दिसण्याआधी तिचं नाव कधी घेऊ नये. अर्धा सेकंद उशीर झालेला कानाला खटकत नाही, अर्धा सेकंद घाई मात्र खटकते.

चिनी महालाचा एकच फोटो आहे. तो 7 सेकंद हळू मोठा करत दाखवता येतो आणि त्यावर सांगता येतं: «गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा इथे, चिनी महालात कैदेत होता.» महालाच्या निळ्या फरशांबद्दल मात्र काही बोलू नये, जर त्या फोटोत दिसत नसतील. हे डायरीत एका वाक्यात सहज येतं. इथे ते सोडायला हवं, आणि सोडताना वाईट वाटतं, हे खरं आहे.

अंधारीपाशी खरी कसोटी लागते. डायरीचा सर्वांत चांगला परिच्छेद हाच, आणि फुटेज जवळजवळ शून्य. बरेच जण क्लिप टाकून देतात आणि दुसऱ्याच्या उजळलेल्या व्हिडिओचा तुकडा लावतात, किंवा ब्राइटनेस इतका वाढवतात की करड्या ठिपक्यांची भिंत दिसते. दोन्हींनी अंधार नाहीसा होतो, आणि या बोगद्याचा सगळा हेतू अंधारच आहे. काळा पडदा तसाच ठेवावा. वहीत «आवाज उत्तम» लिहिलेलं होतं, ते आता कामाला येतं. 22 सेकंदांची वाटणी अशी: पहिले 4 सेकंद निवेदन नाही, फक्त पावलं आणि वटवाघळं. मग, «पुढे काही दिसत नाही. हात भिंतीवर, पाय चाचपडत. पायऱ्या एकसारख्या नाहीत.» 11 शब्द, साडेपाच सेकंद. मग बॅटरीचा उजेड पडतो, ते 3 सेकंद पुन्हा शांत, कारण पायरी पाहू द्यायची आहे. शेवटी, «शत्रू इथवर आला तरी पुढे वाट कुठली, हे त्याला कळू नये म्हणून हा बोगदा कातळात असा वळवत नेला.» 18 शब्द, 9 सेकंद. बेरीज साडेएकवीस, म्हणजे घट्ट बसतं. वाचताना घाई झाली तर शब्द कमी करावेत, वेग वाढवू नये. बॅटरीचा प्रकाश क्लिपमध्ये थोडा आधी किंवा नंतर पडत असेल तर शब्द सरकवावेत, क्लिप कापून ती शांतता मोडू नये. डायरीतला वास इथे गेला. «जीव दडपला»ही गेलं, ते काम पडदा आणि आवाज करतात.

इथे काळही बदललेला दिसतो. डायरीत «गेलो», «पाहिली», «सहन होत नव्हता» अशी भूतकाळी क्रियापदं. निवेदनात चित्रात चालू असलेल्या गोष्टीला वर्तमानकाळ, आणि इतिहासाला भूतकाळ. एकाच वाक्यात दोन्ही मिसळले की ऐकणाऱ्याला तानाशहा आज तिथे आहे की काय असं वाटतं.

बारादरीच्या क्लिपमध्ये वाऱ्याचा आवाज पूर्ण काढू नये, हळू करावा. डायरीतला «शीण गेला» तोच सांगतो. सुरुवातीच्या सेकंदांत हवं तर बारादरीबद्दल एक लहान वाक्य, नाहीतर शांतता. अकराव्या सेकंदाला मिनार चौकटीत येतो, अर्ध्या सेकंदाने: «तो बघा, सकाळचा चांदमिनार.» «पूर्ण परिसर दिसत होता» हे डायरीतलं वाक्य इथे खोटं ठरेल, कारण शॉट किल्ल्याच्या एका बाजूलाच फिरला आहे. पूर्ण किल्ला वरून दाखवायची हौस असेल तर पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीतल्या अशा किल्ल्यावर ड्रोन उडवायला परवानगी लागते. नसेल तर हाताने काढलेला साधा नकाशा पुरतो.

एसटीचं वाक्य मात्र सरळ काढावं. वारा लागणं बघणाऱ्याला दाखवता येत नाही आणि तिथून किल्ला कळत नाही. त्या जागी मागच्या भाद्रपदातल्या सहलीतले हिरवे डोंगरउतार दाखवण्याचा मोह होतो. पण बाकीच्या क्लिपा फाल्गुनातल्या पिवळ्या गवताच्या असतील तर इथला माणूस पाहताक्षणी ओळखतो, आणि मग बाकीच्या माहितीवरही त्याचा विश्वास राहत नाही.

शेवटी दोन तपासण्या. व्हिडिओ आवाज बंद करून पाहावा आणि जिथे ओळखता येत नाही की आपण कुठे आहोत, तिथे खूण करावी: निवेदनाची गरज तिथे. मग चित्र झाकून फक्त निवेदन ऐकावं. सगळं नीट समजलं, तर निवेदन अजून डायरीच आहे आणि आणखी कापायला हवं. «हे मेंढ्याचं डोकं» हे ऐकून «कुठे?» असं विचारावंसं वाटलं तर ते वाक्य आता क्लिपवर बसलं आहे.