वार्षिक आढावा (स्पर्धा परीक्षा)

स्पर्धा परीक्षेची तयारी पुढे चालू ठेवायची की वाट बदलायची, हे दरवर्षी आधी लिहून ठेवलेल्या आकड्यांवर तपासण्याची पद्धत. राज्यसेवेच्या उमेदवारांना तिची विशेष गरज भासते, कारण बाहेरून थांबवणारे फारसे काही नसते. खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ वर्षे आहे आणि प्रयत्नांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा २०२० मधला निर्णय लोकसेवा आयोगाने पुढे मागे घेतला. त्यामुळे पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकेत ‘आणखी एक अटेम्प्ट’ म्हणत पाच-सहा वर्षे सहज निघून जातात.

आढाव्यात काय मोजायचे, इथेच बहुतेकांची गफलत होते. अभ्यासाचे तास मोजून काही कळत नाही. नुसते गुणही फसवतात, कारण पेपरची काठिण्यपातळी आणि जागांची संख्या बदलली की कटऑफही बदलतो. खरे माप म्हणजे आपले गुण आणि आपल्या प्रवर्गाचा कटऑफ यांतले अंतर.

पूर्वपरीक्षेच्या पहिल्या पेपरात १०० प्रश्न आणि २०० गुण असतात. चुकलेल्या उत्तरामागे प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा, म्हणजे अर्धा गुण, कापला जातो. समजा, एका मुलीने ८० प्रश्न सोडवले, त्यांतले ५० बरोबर आले. शंभरातून पंधरा वजा जाता ८५ राहिले. कटऑफ ११० लागला. पुढच्या वर्षासाठी तिने वहीत लिहिले, ‘अंतर १० च्या आत’. त्या वर्षी ९० सोडवून ५८ बरोबर, म्हणजे १०० गुण. घरी सांगताना पंधरा गुण वाढले. पण कटऑफ ११८ वर गेला होता आणि अंतर २५ वरून १८ वरच आले. वहीतला टप्पा चुकला. त्यातच ३० च्या जागी ३२ उत्तरे चुकली, म्हणजे अंदाजाने गोल भरण्याची सवय गेलेली नव्हती. एवढे दिसले की पुढचे ठरवता येते: त्या सवयीवर काम करून अजून एकच प्रयत्न, सोबत गट-ब किंवा गट-क च्या संयुक्त परीक्षेचा अर्ज, किंवा पदवीच्या जोरावर नोकरी.

आढावा निकालाच्या संध्याकाळी करू नये; त्या दिवशी ‘थोडक्यात गेलं’ हेच खरे वाटते. पंधरा दिवस जाऊ द्यावेत आणि वही घेऊन घरच्या एखाद्या माणसासमोर बसावे. टप्पा निकालानंतर सैल केला, ‘दहा नाही, वीसही चालेल’ असे झाले, तर आढावा मोडलाच म्हणायचा.

परीक्षा पुढे ढकलल्या जातात, म्हणून गुणांचा हिशोब प्रयत्नागणिक ठेवतात. वय, मेस-खोलीचा खर्च आणि घरून येणारे पैसे मात्र कॅलेंडरप्रमाणेच तपासावे लागतात. एका पेपरात नशिबाचा भाग असू शकतो, तेव्हा एकाच वर्षाच्या अंतरावरून वाट सोडू नये. दोन प्रयत्नांत अंतर पुरेसे घटले नाही, तर ती खूण गंभीर मानावी. मुख्य परीक्षेपर्यंत पोचलेल्यांना हे माप पुरत नाही. तिथे पेपरवार गुणपत्रक समोर ठेवावे लागते.