इंटरनेट गेलं, स्विच चालू आहे, मग बिल का निघत नाही?

बडोद्यात दांडिया बाजारात मुख्य दुकान आणि कारेलीबाग, गोत्री, निझामपुरा, मांजलपूर व पादरा इथे पाच शाखा, असा एक औषधांचा धंदा समजा. प्रत्येक शाखेत काउंटरमागच्या कपाटात इंटरनेटवाल्याचा राउटर आणि त्याखाली चोवीस पोर्टांचा स्विच असतो. त्या स्विचला बिलिंगचे संगणक, बिलांचा छोटा सर्व्हर, प्रिंटर, चार कॅमेरे आणि वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट जोडलेले असतात. हे सगळं सांभाळणारा माणूस एकच, तोही बहुधा महिन्याच्या ठरावावर येणारा. अशा धंद्यासाठी हल्ली क्लाउडवरून, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटवरच्या सर्व्हरवरून, चालवायचे स्विच सुचवले जातात. ते ऐकल्यावर मालकाची पहिली शंका रास्तच असते: ‘इंटरनेट गेलं की दुकान बंद पडणार का?’

उत्तर कळण्यासाठी आधी स्विच काय करतो ते पाहू. त्याला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला कारखान्यातून मिळालेला एक मॅक पत्ता असतो. कुठल्या पोर्टावरून कुठला पत्ता बोलतोय हे स्विच नुसतं ऐकून शिकतो आणि आपल्या तक्त्यात टिपून ठेवतो. बिलाचा मजकूर प्रिंटरकडे निघाला की तक्ता पाहून तो नेमक्या त्याच पोर्टावर सोडतो. हे काम स्विचमधली खास चिप करते आणि त्यात क्लाउडचा काहीच संबंध नसतो. क्लाउडवर असते ती फक्त देखरेख आणि हुकूम देण्याची सोय, म्हणजे कुठलं पोर्ट कॅमेऱ्यांच्या जाळ्यात, कुठलं बिलिंगच्या, कुठे वीज द्यायची. एकदा मिळालेली ही मांडणी स्विच स्वतःच्या मेमरीत जपतो.

साध्या मॅनेज्ड स्विचमध्येही, म्हणजे ज्याची मांडणी बदलता येते पण क्लाउडशिवाय, या सगळ्या सोयी असतात, पण त्याचं मांडणीचं पान उघडायला त्याच जाळ्यात असावं लागतं. पादऱ्याचा कॅमेरा अडकला तर पादऱ्याला जा, नाहीतर बाहेरून आत शिरायला वाट करून ठेवा. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त ब्रॉडबँड जोडण्यांत आणि जवळपास सगळ्या मोबाइल सिमवर ती वाटही सहज होत नाही, कारण एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागे कंपनीने अनेक ग्राहक बसवलेले असतात. क्लाउडवाला स्विच हा प्रश्न उलट बाजूने सोडवतो. तो स्वतःच आतून बाहेर कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी करतो, बहुधा ब्राउझर वापरतो त्याच सुरक्षित वाटेने, आणि ती जोडणी धरून ठेवतो. तुमचा हुकूम त्याच जोडणीवरून आत येतो. त्यामुळे स्थिर पत्ता विकत घ्यावा लागत नाही आणि राउटरमध्ये भोक पाडावं लागत नाही.

रोजच्या वापरातला मोठा फायदा फारच साधा आहे. कॅमेऱ्याला वीज स्विचच्याच केबलमधून मिळते. तो अडकला की दांडिया बाजारात बसून त्या पोर्टाची वीज काही सेकंद बंद करून पुन्हा द्यायची. पाचही शाखांना एकच साचा लावता येतो, हा दुसरा फायदा. सातव्या पोर्टावर काय आहे हे मग प्रत्येक शाखेत वेगळं आठवावं लागत नाही. एकाच दुकानाला मात्र मी हा खर्च सुचवणार नाही.

आता जोडणी तोडून पाहू. गोत्रीत रस्ता खोदताना सकाळी अकरा वाजता फायबर तुटली. स्विचचा क्लाउडशी संपर्क गेला, तक्ता जागेवर आहे. संगणक, सर्व्हर आणि प्रिंटर एकमेकांशी बोलत राहतात. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग तिथल्याच डब्यात होत असेल तर तेही सुरू राहतं. यूपीआयचे पैसे ग्राहकाच्या मोबाइलवरून जातात आणि पैसे आल्याचं बोलणारा डबा बहुधा स्वतःच्या सिमवर असतो, म्हणून तोही बोलतो. तरीही अर्ध्या तासात काउंटरवरून फोन येऊ शकतो की बिल निघत नाही. अशा वेळी खापर स्विचवर फुटतं, आणि दोष बहुतेकदा दुसरीकडेच असतो.

बहुतेकदा तो नावात असतो. बिलिंगचा प्रोग्राम सर्व्हरला एखाद्या पूर्ण डोमेन नावाने हाक मारतो आणि त्या नावाचा आयपी पत्ता विचारायला संगणक इंटरनेटवरच्या डीएनएस सर्व्हरकडे जातो. सर्व्हर तीन फुटांवर आहे, पण त्याचा पत्ता विचारायची वाट तुटलेली आहे. गंमत म्हणजे आधी मिळालेलं उत्तर संगणक ठरावीक वेळ लक्षात ठेवतो. त्यामुळे पहिली काही मिनिटं बिलं व्यवस्थित निघतात आणि मग एकेक संगणक थबकतो. उपाय सोपा आहे: ते नाव शाखेच्या राउटरमध्येच नोंदवून ठेवायचं आणि संगणकांना आधी राउटरलाच विचारायला लावायचं.

दुसरी गोष्ट आयपी पत्ता वाटण्याची. काही ठिकाणी हे काम मुख्य दुकानातल्या सर्व्हरकडे असतं आणि शाखा व्हीपीएनच्या बोगद्यातून, म्हणजे इंटरनेटवरून मुख्य दुकानापर्यंत नेलेल्या खाजगी जोडणीतून, पत्ता मागतात. हा पत्ता भाड्याने मिळतो. भाड्याची मुदत ८ तास ठेवली असेल, तर सकाळी नऊला पत्ता घेतलेला संगणक दुपारी एकला नूतनीकरण मागतो आणि उत्तर आलं नाही तरी पाचपर्यंत जुन्याच पत्त्यावर काम करतो. दहाला सुरू झालेला सहापर्यंत टिकतो. म्हणून बिघाड एकदम दिसत नाही, संध्याकाळी गर्दीच्या वेळी संगणक एकामागून एक गळत जातात. पडद्यावर पत्ता `169.254` ने सुरू होताना दिसला की समजावं, संगणकाला पत्ता देणारा कोणी भेटला नाही आणि त्याने स्वतःच एक लावून घेतला आहे. पत्ते वाटण्याचं काम शाखेतल्या राउटरलाच द्यावं, म्हणजे हा प्रसंग येतच नाही.

तिसरी गोष्ट ओळख पटवण्याची. स्विचच्या पोर्टावर किंवा वाय-फायवर येणाऱ्या प्रत्येकाची ओळख क्लाउडमधला सर्व्हर तपासत असेल, तर जोडणी तुटल्यावर नवा माणूस आत येऊ शकत नाही. आधी आत असलेला पुढच्या फेरतपासणीपर्यंत टिकतो. तपासणारा गैरहजर असेल तर दार उघडं ठेवायचं की बंद, हे बऱ्याच स्विचमध्ये आधी ठरवून ठेवता येतं. औषधांच्या काउंटरवरच्या तारेच्या पोर्टाला अशी तपासणी लावूच नये असं माझं मत आहे. ते पोर्ट एकाच मॅक पत्त्याला बांधून ठेवलं की पुरे. मॅक पत्त्याची नक्कल करता येते हे खरं, पण काउंटरच्या आत जाऊन केबल काढणारा माणूस तिथे लपून राहत नाही.

बिलांचा सर्व्हरच दांडिया बाजारात असेल, तर मात्र यातलं काहीच कामाला येत नाही. बोगदा तुटला की शाखेचं बिलिंग थांबतं, स्विच कुठलाही असो.

आतापर्यंत स्विचची वीज शाबूत आहे असं धरलं. पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट एकत्रच जातात. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कित्येक भागांत वीजही नव्हती. यूपीएस संपला, वीज परत आली, पण फायबर अजून तुटलेलीच आहे. स्विच तेव्हा मेमरीतल्या शेवटच्या मांडणीवर उठायला हवा आणि चांगल्या कंपन्यांचे स्विच तसे उठतातही. धोका माणसाकडून येतो. नेट नाही म्हणून कोणीतरी सेफ्टी पिन घेऊन स्विचचं रीसेटचं भोक दाबतो. मांडणी पुसली जाते आणि स्विच कोरा होऊन क्लाउडची वाट पाहत बसतो, ज्याची वाटच बंद आहे. कॅमेरे, बिलिंग आणि पाहुण्यांचं वाय-फाय यांच्यातल्या भिंतीही त्याबरोबर जातात. त्या भोकावर चिकटपट्टी लावून ठेवणं हा मला माहीत असलेला सर्वांत स्वस्त बंदोबस्त.

बदली स्विचचंही तसंच आहे. जास्तीचा एक ठेवायचा तर तो खोक्यात बंद ठेवून उपयोग नाही. तो आधी दांडिया बाजारात जोडून, खात्यात नोंदवून, शाखांचा साचा त्यात उतरवून मग कपाटात ठेवावा. कोरा स्विच तुटलेल्या जोडणीवर स्वतःहून काहीच शिकू शकत नाही.

जोडणी आपणच तोडून घेण्याचा प्रकारही घडतो. राउटरकडे जाणाऱ्या पोर्टाचं जाळं दुरून बदललं की स्विच ज्या वाटेने हुकूम घेतो तीच वाट कापली जाते. काही स्विच क्लाउड सापडला नाही की थोड्या वेळाने जुन्या मांडणीवर परततात, पण सगळे नाही. या एका पोर्टाला हात लावायचा तर शाखेत कोणीतरी उभं असताना.

दांडिया बाजारातल्या देखरेखीच्या पडद्यावर गोत्रीचा स्विच लाल दिसतो, तेव्हा तो मेला आहे की फक्त बोलू शकत नाही हे त्या लाल रंगावरून कळत नाही. शाखेतलं सगळंच एकदम लाल झालं असेल तर बहुधा जोडणी किंवा वीज गेली. एकटा ॲक्सेस पॉइंट लाल असेल तर त्याची केबल पाहावी. शंका राहिली तर काउंटरवरच्या मुलाला फोन करून बिलिंगच्या संगणकाच्या कमांड प्रॉम्प्टवर तीन ओळी टाइप करायला सांगाव्यात. पत्ते अर्थात आपल्या शाखेचे:

```
ping 192.168.20.1
ping 192.168.20.10
ping 8.8.8.8
```

पहिला राउटर, दुसरा बिलांचा सर्व्हर, तिसरा बाहेरचं जग. पहिल्या दोघांचं उत्तर आलं आणि तिसऱ्याचं नाही, तर स्विच ठीक आहे, इंटरनेटवाल्याला फोन करावा. तिन्ही उत्तरं आली आणि पडदा तरी लालच, तर बिघाड क्लाउड कंपनीकडे असू शकतो. दुकानाला तेव्हा काहीच जाणवत नाही, फक्त बदल करता येत नाहीत.

एक मरण मात्र इंटरनेटशिवायचं आहे: परवाना. काही कंपन्यांचे स्विच वार्षिक किंवा काही वर्षांच्या परवान्यावर चालतात. सिस्को मेराकीच्या एकाच मुदतीला बांधलेल्या परवाना पद्धतीत मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत असते आणि नंतर जाळंच बंद केलं जातं. इतर काही कंपन्या परवाना मागतच नाहीत, किंवा नियंत्रणाचा प्रोग्राम स्वतःच्या संगणकावर ठेवू देतात. किंमत विचारताना ‘पैसे भरले नाहीत तर पोर्ट चालतील का?’ हे लेखी विचारून घ्यावं.

हे सगळं खरेदीपूर्वी एका रविवारी तपासता येतं. एका शाखेत राउटरची बाहेरची केबल काढायची आणि तासभर बिलं करत राहायचं, म्हणजे नावाची लक्षात ठेवलेली उत्तरं संपतील. मग केबल तशीच बाहेर ठेवून स्विच आणि राउटर दोन्ही बंद करून चालू करायचे आणि एक संगणकही. कोणते संगणक उठले, कोणते `169.254` वर गेले, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग आलं का, हे वहीत लिहायचं. बरेच जण पहिली अर्धी चाचणी करून थांबतात; घोटाळे दुसऱ्या अर्ध्यात सापडतात.

राखीव जोडणी म्हणून फोरजी सिमचा राउटर पुरतो, कारण स्विचचं क्लाउडशी बोलणं अगदी थोडक्या डेटात होतं. पण राखीव वाट सुरू झाल्यावर कॅमेऱ्यांचं दूरचं दर्शन आणि पाहुण्यांचं वाय-फाय तिच्यावरून जाऊ देऊ नये, नाहीतर सिमचा दिवसाचा डेटा दुपारच्या आतच संपेल. सिमऐवजी दुसरी फायबर घेणार असाल, तर तिची तार कुठल्या खांबावरून येते ते आधी गच्चीवर जाऊन बघा. दोन्ही कंपन्यांच्या तारा एकाच खांबावर असतील, तर तो खांब पडला की दोन्ही एकदम तुटतात.