पतसंस्थेचं थकीत कर्ज हप्त्यांनी फेडायचा अर्ज: रक्कम, तारीख आणि हप्ता चुकला तर काय, हे कसं लिहावं

सोलापुरात यंत्रमागासाठी पतसंस्थेतून कर्ज काढलेल्या आणि आता थकलेल्या सभासदांचे अर्ज बहुतेक एकाच साच्यातले असतात: "धंदा मंदीत आहे, दर महिन्याला जमेल तसे दहा-बारा हजार भरीन, सात-आठ महिन्यांत खातं निल करतो." माणूस मनापासून लिहितो, पण संचालक मंडळाला यावर ठराव करता येत नाही. दहा की बारा? कोणत्या तारखेला? नाही भरले तर काय? तोच अर्ज नीट कसा मांडायचा, ते एका हिशेबातून पाहू.

समजा, १० नोव्हेंबर २०२५ रोजी मुद्दल ८४,००० आणि थकीत व्याज १२,००० रुपये आहे. व्याजदर वार्षिक १२ टक्के. सभासद अर्जासोबत १६,००० रुपये भरतो. त्यातले १२,००० व्याजात आणि ४,००० मुद्दलात जमा होतात, म्हणजे मुद्दल ८०,००० उरतं. पुढे दहा-दहा हजारांचे आठ हप्ते भरले की सुटलो, असं त्याला वाटतं. पण पहिल्याच महिन्याचं व्याज ८०० रुपये होतं, म्हणून १०,००० पैकी मुद्दलात ९,२०० च जातात. असं करत आठवा हप्ता भरल्यावरही सुमारे ३,७७२ रुपये उरतात. महिन्याच्या हिशेबाने नवव्या महिन्यात शेवटचे ३,८१० रुपये भरावे लागतात. माझ्या मते सगळ्यात जास्त भांडणं या शेवटच्या रकमेवरून होतात. म्हणून नववा हप्ता अर्जातच दाखवा आणि "व्याज दररोज मोजल्यास शेवटच्या हप्त्यात थोडा फरक पडेल" असं एक वाक्य जोडा.

तारीख ठरवताना पैसा हातात कधी येतो ते आधी पाहा. टॉवेल-चादरीचं बिल व्यापाऱ्याकडून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सुटत असेल, तर १० तारीख बरी. "दर महिन्याला" असं मोघम न लिहिता नऊही तारखा एकाखाली एक लिहा: १० डिसेंबर २०२५ पासून १० ऑगस्ट २०२६ पर्यंत. यात १० जानेवारीला दुसरा शनिवार आहे आणि १० मे रोजी रविवार. "सुटी आल्यास पुढच्या कामाच्या दिवशी" हे लिहिलेलं नसेल, तर त्या दोन महिन्यांत हप्ता चुकला की नाही यावर वाद होतो. त्यात जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेचा खर्च असतोच. तो हप्ता जड जाणार असेल तर आधीच कमी ठेवा आणि तेवढी रक्कम फेब्रुवारीत वाढवा.

आता हप्ता चुकल्यावरचं कलम. "अन्यथा कायदेशीर कारवाई होईल" या ओळीतून कुणालाच काही कळत नाही. ते असं लिहावं:

"हप्ता ठरल्या तारखेला न भरल्यास ७ दिवसांची मुदत राहील. त्या मुदतीतही पूर्ण हप्ता न भरल्यास हप्त्यांची सवलत रद्द होईल, उरलेली सर्व बाकी एकदम देय होईल आणि संस्था कलम १०१ खाली कर्जदार व जामीनदारांविरुद्ध वसुली दाखल्यासाठी अर्ज करू शकेल. अर्धवट रक्कम खात्यात जमा होईल, पण तेवढ्याने हप्ता भरला असे धरले जाणार नाही. चेक न वटल्यास हप्ता चुकला असे समजले जाईल."

कलम १०१ हे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधलं. निबंधक कार्यालयातून वसुली दाखला मिळाला की पुढे जप्तीपर्यंत जाता येतं. म्हणून ही वाक्यं सभासदाला मोठ्याने वाचून दाखवा आणि मगच सही घ्या.

सवलत कुणाला द्यायची, हे ज्या-त्या संस्थेच्या कर्जधोरणावर ठरतं. साधारणपणे माग चालू आहेत का आणि हप्ता पेलेल एवढी आवक आहे का, हे पाहिलं जातं. कागद फार लागत नाहीत: अर्ज, कर्जखात्याचा ताजा उतारा, आधार व पॅन, गेल्या काही महिन्यांची विक्रीबिलं आणि बँक स्टेटमेंट. पण एक कागद राहिला तर संस्थाच अडचणीत येते, आणि तो म्हणजे जामीनदारांचं संमतीपत्र. भारतीय करार अधिनियमाच्या कलम १३५ नुसार, जामीनदाराच्या संमतीशिवाय कर्जदाराला मुदत वाढवून देण्याचा करार केला, तर जामीनदार जबाबदारीतून मोकळा होतो. त्यामुळे हप्त्यांच्या तक्त्यावरच, तक्ता वाचून, दोन्ही जामीनदारांच्या सह्या घ्या.

अर्ज दिला म्हणजे सवलत मिळाली असं होत नाही. मॅनेजरने तोंडी "चालेल" म्हटलं तरी संचालक मंडळाचा ठराव व्हावा लागतो. ठराव क्रमांक, तारीख आणि हप्त्यांचा तोच तक्ता असलेलं मंजुरीपत्र सभासदाने मागून घ्यावं. मंडळाने रक्कम किंवा तारीख बदलली असेल, तर बदललेल्या तक्त्यावर कर्जदाराच्या आणि जामीनदारांच्या सह्या पुन्हा घ्याव्या लागतात.